नानांची हंडी

गोपाळकाल्याला आमच्या वाडीत देवळासमोर हंडी बांधत. पिंपळाच्या फांदीपासून देवळाच्या दगडी खांबापर्यंत दोर आणि मधोमध हंडी. मी पाचवीत होतो त्या साली तरण्या पोरांना हौस आली. त्यांनी दोराला नारळ टांगले, केळ्यांचा घड बांधला, झेंडूच्या मनगटाएवढ्या माळा सोडल्या. वरच्या पोरानं हंडी फोडताना तोल सावरायला दोर धरला. दोराला हिसका बसला, सुतळी तुटली आणि एक नारळ खाली उभ्या असलेल्या आमच्या दादाच्या खांद्यावर आला. गळ्याजवळचं हाड मोडलं. ऐन भांगलणीत दीड महिना त्याचा हात झोळीत होता.

पुढच्या वर्षी माझे चुलत आजोबा, नाना, पारावर येऊन बसले. म्हणाले, "औंदा हंडी म्या बांधणार. पोरांनी नुसतं हाताखाली राह्यचं." हाताखाली मीच होतो.

मडकं आणायला आम्ही कुंभारवाड्यात गेलो. नानांनी लहान, पातळ अंगाचं निवडलं, दीड लिटर पाणी मावेल एवढंच. बोटाच्या पेरानं टिचकी मारून ऐकलं. खणखणीत वाजलं ते घेतलं, बद्द वाजलं ते परत ठेवलं. "आधीच चिरलेलं मडकं वर बांधतानाच हातात येतं," म्हणाले.

घरी येऊन कणकेची खळ शिजवली. मला वाटलं, आता रंगीत कागद लावायचा. पण नानांनी आधी जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या मडक्याला बुडापासून गळ्यापर्यंत चिकटवल्या. दोन थर. मग वरून तांबडा-पिवळा पतंगाचा कागद. "रंग लोकांसाठी. खालचा कागद खापरं धराय." तिसरा थर द्यायला मी पट्टी उचलली तर हातावर चापट बसली. कागद जाड झाला की मडकं एका बुक्कीत फुटत नाही. वरचा पोरगा पुन्हा पुन्हा मारत राहतो आणि तोवर खालचे थर थरथरायला लागतात.

सावलीत दिवसभर वाळल्यावर मडक्याभोवती सुतळीची जाळी विणली. दोन बोटं जातील एवढीच भोकं. मोठं खापर सुटलंच तर जाळीत अडकावं म्हणून. आत अर्धा लिटर दही, बाकी ज्वारीच्या लाह्या, पोहे, काकडीच्या फोडी. भरलेली हंडी मीसुद्धा एका हातानं उचलली.

दोराचं काम नानांनी दुसऱ्या कुणाला दिलं नाही. अंगठ्याएवढा काथ्याचा दोर जागोजाग पीळ उकलून आतून पाहिला. बाहेरून चांगला दिसणारा दोर आत काळा पडून कुजलेला असतो. एके ठिकाणी तसा निघाला, तर जोड न देता सगळाच दोर बाजूला टाकला. पिंपळाच्या फांदीवर गोणपाट गुंडाळून त्यावर गाठ मारली, नाहीतर दोर सालीवर घासून झिजतो. दुसरं टोक खांबाला बांधलेल्या विहिरीच्या कप्पीवरून घेऊन खाली खुंट्याला आवळलं. म्हणजे हंडी खालीच बांधायची आणि ओढून वर न्यायची. भरलं मडकं घेऊन कुणी झाडावर चढायला नको.

मी म्हणालो, "नाना, दोर लोंबतोय. ताणू का?"

"लोंबू दे दोन हात. ताणलेल्या दोरावर थोडं वजन पडलं तरी दोन्हीकडच्या गाठींवर लई वढ बसते." मग मधोमध फास करून त्यांनी दोन गड्यांना त्याला लोंबकळायला लावलं. फोडणारा पोरगा दोर धरणारच, तेव्हा दोरानं हंडी पेलून भागत नाही, माणूस पेलावा लागतो. रात्रभर पाऊस झाला. सकाळी पुन्हा गाठी पाहिल्या. खुंट्याजवळची बोटभर सरकली होती. तिथं आणखी एक फेर घेतला.

सजावटीला नारळ नाही, तार नाही, खिळा नाही. दोराला आंब्याचे टाळे, कागदाच्या पताका आणि तेरड्याच्या, कण्हेरीच्या बारीक माळा कच्च्या दोऱ्यात ओवून. भिजलेल्या फुलाचं वजन वाढतं, म्हणून माळा दुपारी, ऐनवेळी बांधल्या. कच्चा दोरा तुटला तरी डोक्यावर फूलच पडणार. पोरं कुरकुरली, "नाना, हंडी लई साधी दिसतीया."

संध्याकाळी हंडी फुटली. दही-लाह्यांचा सडा अंगावर आला. लोक पांगल्यावर नानांनी दोर सोडून जाळी खाली घेतली. कागदाला चिकटलेली खापरं तिच्यात लोंबत होती. खाली दोन-चार कपच्या पडल्या होत्या, नखाएवढ्या. दादानं त्या वेचून तळहातावर घेतल्या, पाहिल्या आणि काही न बोलता नानांपुढे धरल्या.

आता हंडी मी बांधतो. पावसाळ्यात दादाचा खांदा अजून ठणकतो. पण हंडी फुटली की तो येतो आणि म्हणतो, "आण रं जाळी, बघू."