ध्वज आणि दरपत्रक

बीड शहरांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें खेळाच्या कपड्यांचें व बुटांचें बेताचेंच दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक पोलीस व सैन्यभरतीसाठीं पहांटे धांवणारीं मुलें. त्यामुळें धांवण्याचे बूट, ट्रॅकसूट आणि जर्सी यांचाच खप अधिक. २०२५ च्या ऑगस्टच्या आरंभीं स्वातंत्र्यदिनाच्या सेलसाठीं इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲपवर टाकावयाच्या चार पोस्ट त्यानें आम्हांस आगाऊ दाखविल्या. "सर, कुणाला खटकेल असं कांहीं राहिलंय का, तेवढं बघा," एवढीच त्याची विनंती होती. आम्ही आयुष्यभर निबंधाच्या वह्या तपासल्या. जाहिरात तपासण्याची पाळी ही पहिलीच. परंतु त्या चार चित्रांनीं आम्हांस आठवडाभर गुंतवून ठेविलें, आणि त्यांतून जें हातीं आलें तें वाचकांपुढें ठेवण्यास हरकत नसावी असें वाटतें.

पहिली पोस्ट दिसण्यांत मोठी झोकदार होती. सबंध चित्रावर केशरी, पांढरा व हिरवा असे तीन आडवे पट्टे, मधोमध एक बूट, आणि त्यावर "५०% सूट" ही अक्षरें. त्या पन्नासांतील शून्याच्या जागीं चित्रकारानें अशोकचक्र बसविलें होतें! या कल्पनेबद्दल त्यास शाबासकी मिळाली असेल. पण नेमकी तीच कल्पना सर्वांत आधीं काढून टाकणें भाग होतें. राष्ट्रीय मानचिन्हांचा अवमान रोखणारा १९७१ चा जो कायदा आहे, त्यांत ध्वज म्हणजे केवळ काठीवरचें कापड नव्हे. त्याचें चित्र, छायाचित्र किंवा त्याच्या एखाद्या भागाची डोळ्यांना दिसणारी प्रतिकृति हीही ध्वजच धरली आहे. म्हणून मोबाइलच्या पडद्यावरील पट्टे "नुसतें डिझाइन" म्हणून सुटत नाहींत. ध्वजावर अक्षरें लिहिणें हें त्या कायद्यांत अवमानाच्या यादींतच आहे. शिवाय बोधचिन्हें व नांवें यांच्या अनुचित वापरासंबंधीं १९५० चा जो कायदा आहे, त्याच्या परिशिष्टांत राष्ट्रध्वजाबरोबर अशोकचक्राचाही उल्लेख असून केंद्र सरकारच्या परवानगीवांचून व्यापारासाठीं त्यांचा उपयोग करतां येत नाहीं. गांधीजींचें नांव वा चित्र तसेंच छत्रपति शिवाजी महाराजांचें नांव वा चित्र हींही त्याच परिशिष्टांत आहेत. तेव्हां चष्मा आणि काठी रेखाटून त्याखालीं "चला, धांवूं या" असें लिहिलेली जी दुसरी पोस्ट होती, तीही त्याच कारणानें बाजूला ठेवावी लागली.

येथें त्या मुलानें रास्त शंका काढली. "मग केशरी रंगच वापरायचा नाही का, सर?" रंगावर कोणाचीच मालकी नाहीं. केशरी जर्सी केशरीच दिसणार, आणि हिरवा ट्रॅकसूट विकण्यास कोणाची आडकाठी नाहीं. अडचण येते ती तीन रंग त्याच क्रमानें, सारख्याच रुंदीचे, एकाखालीं एक आले म्हणजे. आणि पांढऱ्या पट्ट्यांत कांहीं गोल ठेविलें, मग तो बूट असो कीं चेंडू, कीं पाहणाऱ्याच्या मनांत ध्वज पुरा होतो. आम्हीं त्यास एक साधी परीक्षा सांगितली: पोस्टवरील सर्व अक्षरें झांकून चित्र एखाद्या लहान मुलास दाखवावें, तें "झेंडा" म्हणालें तर त्यावर किंमत छापूं नये. दुकानांतल्या पोऱ्याच्या धाकट्या बहिणीवर हा प्रयोग झाला आणि तिसरी पोस्टही गळाली.

खेळाच्या कपड्यांच्या दुकानास या बाबतींत आणखी एक जोखीम आहे, जी किराणा दुकानदारास नसते. येथें माल अंगावर चढतो. कंबरेखालीं घालावयाच्या कोणत्याही वस्त्रावर ध्वज असणें कायद्यास मंजूर नाहीं. २००५ च्या दुरुस्तीनें कंबरेवरील पोशाखास वाट मोकळी झाली, तथापि हातरुमाल, अंतर्वस्त्रें यांवर तो छापण्याची मनाई कायमच आहे. म्हणजे छातीवर लहान तिरंगा असलेली जर्सी आणि तसाच तिरंगा मांडीवर असलेली हाफपँट, हे एकाच गठ्ठ्यांतून आलेले दोन नग असले तरी एक विकावा व दुसरा परत पाठवावा असा प्रकार होतो. मोज्यांचें व बुटांचेंही तसेंच. घाऊक व्यापाऱ्याकडून ऑगस्टपूर्वीं येणारा "खास माल" उघडून पाहिल्याशिवाय त्याचें छायाचित्र टाकूं नये, तें याचसाठीं. २०१७ च्या जानेवारींत ॲमेझॉनच्या कॅनडांतील संकेतस्थळावर तिरंग्याचें पायपुसणें विक्रीस असल्याचें उघड झालें आणि परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनीं जाहीर तंबी दिल्यावर तें काढलें गेलें, हें पुष्कळांस आठवत असेल. तेथें माल तिसऱ्याच विक्रेत्याचा होता. पण बोल लागला तो दुकानास. प्रत्येक खरेदीवर प्लॅस्टिकचा छोटा झेंडा भेट देण्याचा बेतही आम्हीं मोडून काढला. ते झेंडे सोळा तारखेस कोणत्या गटारींत दिसतात, हें शहरांत राहणाऱ्यास सांगावयास नको.

चौथ्या पोस्टबद्दल मात्र आम्हांस मनापासून वाईट वाटलें, कारण तिच्यामागील भावना खरी होती. आष्टी तालुक्यांतील मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतींत ८ मिनिटें ११.२० सेकंदांत रौप्यपदक घेऊन आला, तेव्हां या जिल्ह्यांत धांवणाऱ्या प्रत्येक मुलाची मान ताठ झाली. त्याचें छायाचित्र लावून खालीं "आपल्या बीडचा अभिमान" आणि त्याच्याही खालीं बुटांचे दर, अशी ती पोस्ट होती. अभिनंदन करण्यास कोणाची ना नाहीं; पण ज्या चित्राखालीं दर आले तें अभिनंदन राहत नाहीं, ती शिफारस होते, आणि शिफारस ज्याची त्यानेंच द्यावयाची असते. २०२१ सालीं टोकिओच्या पदकानंतर पी. व्ही. सिंधूचीं छायाचित्रें वापरून अभिनंदनाच्या पोस्ट टाकणाऱ्या अनेक कंपन्यांना तिचें काम पाहणाऱ्या संस्थेनें याच मुद्द्यावर नोटिसा धाडल्या होत्या. साबळ्यांना परवानगी विचारावी एवढी त्या दुकानाची पोंच नव्हती, म्हणून चित्र गेलें. त्याच्या जागीं दुकानाच्याच दोन गिऱ्हाइकांचें, त्यांच्या संमतीनें, पहांटे धांवतानाचें पाठमोरें छायाचित्र आलें. आणि आमच्या मतें तेंच चांगलें दिसलें.

आतां दराविषयीं. आदराची गोष्ट निघाली कीं सर्वजण ध्वजाकडे पाहतात, दराकडे कोणी पाहत नाहीं. वास्तविक गिऱ्हाइकाचा अपमान तेथेंच होतो. आम्हीं त्यास एकच बूट घेऊन हिशेब मांडावयास सांगितलें. डब्यावर छापील किंमत २,९९९ रुपये. पण वर्षभर दुकानांत तो २,१०० लाच जातो. दुकानास पडतो १,६५० ला. सेलमध्यें १,८९० लावावयाचे होते. छापील किमतीशीं तुलना केली तर ही ३७ टक्के सूट होते, आणि आंकडा खोटा नाहीं. परंतु जुलैंत तोच बूट २,१०० ला नेणाऱ्या मुलाच्या दृष्टीनें सूट दहा टक्के, म्हणजे २१० रुपये. मग पहिल्या पोस्टमधील पन्नास टक्के आले कोठून? तर एका जुन्या नमुन्याचे तीनच जोड उरले होते, तेही पांच आणि अकरा नंबरचे. त्यांच्या जोरावर ५०% ठळक आणि "पर्यंत" हा शब्द मुंगीएवढा. भरतीसाठीं माजलगांवहून किंवा गेवराईहून बसचें भाडें खर्चून येणारा मुलगा आठ नंबर मागतो आणि त्यास पन्नास टक्क्यांचें कांहींच मिळत नाहीं, तेव्हां तो वाद घालीत नाहीं. पुन्हां येत मात्र नाहीं. जो दर सर्व नंबरांत मिळेल तोच मोठ्या अक्षरांत लिहावा, आणि दोन्ही दर लिहावे: नेहमींचा २,१००, आतांचा १,८९०. आमचा विद्यार्थी कांहीं वेळ गप्प राहिला. "शेजारचा साठ टक्के लिहितो, सर," तो म्हणाला. या अडचणीस आमच्याजवळ उत्तर नव्हतें, आणि पहिले दोन दिवस गर्दी शेजारींच होती हेंही खरें.

मजकुरांतही दोन गोष्टी दुरुस्त केल्या. एके ठिकाणीं "स्वातंत्र्याचीं ७९ वर्षें" असें होतें. १५ ऑगस्ट १९४७ हा पहिला स्वातंत्र्यदिन धरला तर २०२५ चा एकोणऐंशीवा होतो खरा, पण वर्षें पुरीं झालीं अठ्ठ्याहत्तर. दुसरी चूक अधिक खोल होती: "१५ ऑगस्ट १९४७ ला आपलें बीड स्वतंत्र झालें." तें झालें नव्हतें. बीड निझामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें, त्या दिवशीं तेथें तिरंगा लावणें हा अपराध होता, आणि मराठवाडा मोकळा झाला तो १७ सप्टेंबर १९४८ रोजीं, तेरा महिन्यांनीं. ज्या आंबेजोगाईस तेव्हां मोमिनाबाद म्हणत, तेथील शाळेंतून स्वामी रामानंद तीर्थांनीं मुलें घडविलीं, त्या आंबेजोगाईंतही हें वाक्य वाचलें जाणार होतें. घरांतल्या म्हाताऱ्या माणसांनीं जी हकीकत नातवास सांगितली, ती दुकानाच्या पोस्टनें खोटी पाडावी, यापेक्षां एक ओळ गाळणें बरें.

शेवटीं दोन वेगळ्या पोस्ट झाल्या. पहिली पंधरा तारखेच्या सकाळची: पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या अक्षरांत "स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. ध्वजवंदनासाठीं आज दुकान दुपारीं एक वाजतां उघडेल." खालीं दुकानाचें नांव लहान, दर नाहीं, फोन क्रमांक नाहीं. दुसरी आदल्या आठवड्यांतच गेली होती, तींत पाठमोरे धांवपटू, दोन्ही दर, नंबर सहा ते दहा, आणि "१० ते १७ ऑगस्ट" ही मुदत. ध्वज, चक्र वा हुतात्म्याचें नांव कोठेंही नव्हतें. सेलचें नांवही "ऑगस्ट सेल" एवढेंच ठेविलें. "आझादी सेल" हें मूळ नांव सोडतांना त्यास जड गेलें, कारण शोधणारीं मुलें तोच शब्द टाइप करतात असें त्याचें म्हणणें होतें.

सप्टेंबरांत त्यानें पुन्हां विचारलें, सतरा तारखेसही सेल लावावा काय. आम्हीं त्यास आजोबांना विचारावयास सांगितलें. ते त्या सालीं सात वर्षांचे होते. त्यांनीं काय सांगितलें तें आम्हांस कळलें नाहीं; पण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीं दुकानाच्या व्हॉट्सॲपवर एकच ओळ आली, आणि तींत सेलचा शब्द नव्हता.