तारेची जाडी आणि स्क्रू गेजचे शून्य

आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात चार स्क्रू गेज आहेत. त्यांतील एकही बंद केल्यावर नेमके शून्य दाखवत नाही. नवीन मागवावेत असे दरवर्षी बोलणे होते, आणि दरवर्षी ते मागे पडते. पण आता आम्हा विज्ञान शिक्षकांचे मत असे झाले आहे की शिकवायला हेच बरे. नवे कोरे उपकरण हातात दिले की मुले शून्याकडे बघतही नाहीत, सरळ तार घालतात आणि आकडा लिहून मोकळी होतात. जुने उपकरण मात्र आधी स्वतःची चौकशी करायला लावते.

हा लेख त्या चौकशीविषयीच आहे. निमित्त झाले एका जळालेल्या मोटरीचे. उचगावात विहिरीवर नाही तर मार्कंडेयच्या काठावर पंप नाही असे शेतकऱ्याचे घर विरळाच. व्होल्टेज पडले किंवा तीनपैकी एक फेज गेला आणि मोटर तशीच चालू राहिली, की ती जळते. मग ती भरायला द्यायची. मागच्या उन्हाळ्यात एका विद्यार्थ्याच्या घरची मोनोब्लॉक मोटर अशीच जळाली. ती पूर्वी एकदा भरलेली होती आणि भरल्यावर महिनाभरही टिकली नव्हती. दुसऱ्यांदा भरायला देण्याआधी मुलाने मूळच्या कॉईलमधील तारेचा हातभर तुकडा शाळेत आणला. तो त्याच्या आजोबांनी पहिल्या वेळेपासून जपून ठेवला होता. मुलगा म्हणाला, "सर, ही किती गेजची आहे, बघूया की ओ."

मोटर भरणाऱ्याला दोन गोष्टी हव्या असतात, वेढे किती आणि तार किती जाड. वेढे मोजता येतात. तारेसाठी बहुतेकांकडे कडेला खाचा असलेली गोल पोलादी चकती असते. तार कोणत्या खाचेत नेमकी बसते ते पाहून नंबर सांगायचा. हा नंबर म्हणजे स्टँडर्ड वायर गेज, इंग्लंडमध्ये १८८४ साली कायद्याने ठरलेला. नंबर वाढला की तार बारीक होते, याचे मुलांना नवल वाटते. तार ओढून बारीक करताना ती एकामागून एक लहान छिद्रांतून काढतात, त्यामुळे जितक्या जास्त वेळा ओढली तितकी बारीक, असे समजले की ते लक्षात राहते. २२ नंबरची तार ०.७११ मिलिमीटर, २३ नंबरची ०.६१० मिलिमीटर. दोन्हींत फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. वापरून घासलेल्या खाचेवर एवढ्या फरकाबद्दल विसंबणे कठीण, म्हणून स्क्रू गेज.

आमच्या स्क्रू गेजचे मळसूत्र एका पूर्ण फेऱ्यात १ मिलिमीटर पुढे सरकते. याला पिच म्हणतात. पुस्तकात लिहिले आहे म्हणून ते मानू नये. पाच फेरे द्यावेत आणि मुख्य पट्टीवर ५ मिलिमीटर झाले का ते पाहावे. फिरणाऱ्या नळीच्या कडेवर १०० भाग आहेत, म्हणजे एक भाग ०.०१ मिलिमीटरचा. हेच त्याचे लघुत्तम माप. उद्यमबागेतील कारखान्यांत काम करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या हातात जो मायक्रोमीटर असतो, त्यात सहसा पिच अर्धा मिलिमीटर आणि भाग ५० असतात. लघुत्तम माप तेच, पण तेथे मुख्य पट्टीवरील अर्ध्या मिलिमीटरची रेघ नजरेतून सुटली तर ०.७१ ची तार ०.२१ ची होते. नवीन उपकरण हाती घेतले की म्हणून प्रथम पिच पाहावी.

आता शून्य. दोन्ही जबड्यांची तोंडे स्वच्छ हवीत. एक कोरा कागद हलकेच मध्ये धरून ओढून काढला की धूळ निघून जाते. मग मागची रॅचेट फिरवून जबडे बंद करायचे, टक् टक् आवाज आला की थांबायचे. नळी धरून आवळायचे नाही. बंद केल्यावर गोल पट्टीचे शून्य मुख्य पट्टीच्या आडव्या रेघेवर आले तर त्रुटी नाही. गेज डाव्या हातात, फिरती नळी उजवीकडे धरलेली असताना शून्य रेघेच्या खालीच राहिले आणि रेघेवर समजा ४ चा भाग आला, तर काहीही न मोजता उपकरण ०.०४ दाखवत आहे. ही धन त्रुटी. शून्य रेघ ओलांडून वर गेले, तर ऋण त्रुटी.

त्या दिवशी हाती आलेल्या गेजमध्ये रेघेवर ९७ चा भाग होता. म्हणजे शून्य ३ भाग पुढे गेलेले, त्रुटी उणे ०.०३ मिलिमीटर. येथे मुले हमखास दोन प्रकारे अडतात. काहीजण त्रुटी ०.९७ लिहितात. त्यांचे आम्हाला फारसे भय वाटत नाही, कारण पुढे वजाबाकी केली की तारेची जाडी शून्यापेक्षा कमी येते आणि वर्गात हशा पिकतो. चूक स्वतःच ओरडून सांगते. दुसरा प्रकार गप्प बसणारा. त्रुटी ०.०३ आहे एवढे बरोबर लिहायचे, पण तिची खूण विसरायची.

तार मोजताना मुलांनी टोके सोडून दिली. कॉईल उपसून काढताना टोकाकडची तार ताणली जाते आणि ताणलेली तांब्याची तार बारीक होते. मधल्या सरळ भागात तीन ठिकाणी मोजले. प्रत्येक ठिकाणी एकदा वाचून, तार पाव फेरा वळवून पुन्हा वाचले, कारण दबलेली तार एका बाजूने चपटी असू शकते. मुख्य पट्टीवर प्रत्येक वेळी ० मिलिमीटर आणि गोल पट्टीवर ६८, ६८, ६७, ६८, ६९, ६८. सरासरी ६८ भाग, म्हणजे वाचन ०.६८ मिलिमीटर.

फळ्यावर तीन उत्तरे आली. एकाने दुरुस्तीच केली नाही, त्याचे ०.६८. दुसऱ्याने त्रुटी वजा करतात एवढेच ध्यानात ठेवून ०.६८ मधून ०.०३ काढले, त्याचे ०.६५. एका मुलीने नियम पूर्ण लावला. खरे माप म्हणजे वाचन वजा शून्य त्रुटी, आणि त्रुटीच उणे असल्याने उणे वजा उणे अधिक होते. तिचे उत्तर ०.७१.

आता हे तिन्ही आकडे तक्त्याशी ताडून पाहा. ०.७१ सरळ २२ नंबरवर बसते. दुरुस्ती न केलेले ०.६८ तक्त्यात कोठेच नाही, पण जवळचा नंबर शोधला तर तेही २२ कडेच झुकते. ०.६५ मात्र २३ नंबरच्या ०.६१ ला अधिक जवळ आहे. म्हणजे उलट्या खुणेने केलेली दुरुस्ती, मुळीच दुरुस्ती न करण्यापेक्षा वाईट. तिने चूक दुप्पट केली आणि नंबरच बदलला. आम्ही हे उदाहरण दरवर्षी वापरू लागलो ते यासाठीच.

नंबर एकाने बदलला तर बिघडते काय, असे वर्गातून विचारले गेलेच. तांबे किती आहे ते जाडीच्या वर्गावर ठरते. ०.७११ चा वर्ग सुमारे ०.५०६, ०.६१० चा ०.३७२. २३ नंबरच्या तारेत तांबे जवळजवळ पाव हिश्श्याने कमी. तेवढ्याच लांबीला विरोध सुमारे ३६ टक्क्यांनी वाढतो, आणि तेवढ्याच विद्युतप्रवाहाला कॉईलमधील उष्णताही तितक्याच प्रमाणात. रात्रभर चालणाऱ्या पंपाला ती सोसत नाही. मुलाने घरी जाऊन महिनाभरात जळालेल्या कॉईलची तार आणली, तिचीही जाडी त्याच गेजने, तीच दुरुस्ती करून काढली. ती ०.६१ निघाली. पहिल्या वेळी कोणी कशाने मोजले होते ते आम्हाला माहीत नाही, आणि व्होल्टेजचा दोष अजिबात नव्हता असेही छातीठोकपणे म्हणता येणार नाही. दुसऱ्या वेळी आजोबांनी "बावीसच घाला" असे सांगून मोटर भरून घेतली.

एक गोष्ट येथे सांगून ठेवतो. आमचे दोन्ही तुकडे जळालेल्या कॉईलमधले, त्यांच्यावरचा इनॅमलचा थर जळून गेला होता आणि वरची काजळी कापडाने पुसली होती. दुकानातील नवी तार तशीच मोजली तर थरामुळे ती काही शतांश मिलिमीटर जाड भरते. २२ नंबरची नवी तार ०.७६ च्या आसपास दिसली तर तिला २१ नंबर समजू नये, २१ नंबरचे नुसते तांबेच ०.८१३ असते. टोकाचा थर काडीने जाळून फडक्याने पुसावा आणि मग मोजावे. पॉलिश पेपरने खरवडू नये, तांबेही जाते.

त्रुटी येते कोठून, हे पाहिले तर खूणही लक्षात राहते. जबड्यांत धूळ किंवा जुना तेलकट थर असला की ते पूर्ण मिटत नाहीत, शून्य अलीकडेच थांबते, त्रुटी धन. ही पुसून जाते. तोंडे घासून झिजली की जबडे भेटण्यासाठी मळसूत्राला जास्त पुढे जावे लागते, शून्य पलीकडे जाते, त्रुटी ऋण. ही पुसून जात नाही. वर्षानुवर्षे मुलांनी हाताळलेल्या आमच्या चारांपैकी तीन ऋण आहेत, त्यात आश्चर्य नाही. रॅचेट सोडून नळी आवळली तरी शून्य पलीकडे सरकल्यासारखे दिसते, म्हणून शून्य आणि तार दोन्ही एकाच दाबाने वाचायची. शून्य प्रयोगाआधी एकदा आणि संपल्यावर एकदा पाहावे. दोन्ही वेळा जुळले नाही तर मधली सगळी वाचने संशयास्पद.

ही दुरुस्ती सर्व वाचने सारख्याच प्रमाणात सरकली आहेत असे धरून चालते. मळसूत्राचे आटेच मध्ये कोठे झिजले असतील तर शून्याजवळची त्रुटी आणि तारेजवळची त्रुटी वेगळी असेल, आणि जबडे बंद करून ते कळणार नाही. त्यासाठी आम्ही गॅरेजमध्ये टॅपेट लावायला वापरतात तो फिलर गेज आणतो, फारसा न वापरलेला. त्याची ०.५० ची पाती आमच्या त्या गेजमध्ये ०.४७ वाचायला हवी. ती तशी वाचली, तर उणे ०.०३ तेथेही खरे आहे. ०.४५ वाचली तर दुसरी पाती घालून पाहायची, आणि तीही तसाच फरक दाखवू लागली तर तो गेज कपाटात परत ठेवून दुसरा काढायचा.