पाच रुपये सुटे

‘जरा सौम्य लिहा’ असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरायचं. ज्याच्या पायावर पाय पडलाय त्यानेच आवाज खाली ठेवायचा, हा कुठला न्याय? निषेधाची कविता म्हणजे ओरडणं, आणि ओरड ऐकू येत नसेल तर आणखी मोठ्याने ओरडायचं, हे माझं बरीच वर्षं पक्कं मत होतं. ‘सौम्य’ या सल्ल्यावर माझा अजूनही विश्वास नाही. पण ओरडण्याबद्दलचं मत मात्र बदललं. ओरडणारी कविता फार कडक असते म्हणून नव्हे, तर ती फार मवाळ असते म्हणून.

विषय होता आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवरच्या मुतारीचा. पाटीवर स्वच्छ लिहिलेलं: लघवी मोफत, शौचालय पाच रुपये. पुरुष सरळ आत जातात आणि बाहेर येतात, त्यांच्याकडे कुणी बघतही नाही. बाईला मात्र टेबलाशी थांबवून पाच रुपये मागतात. हे फक्त आमच्याकडेच आहे असंही नाही. मुंबईत 2011 मध्ये स्त्री संघटनांनी ‘राइट टू पी’ मोहीम सुरू केली, तीही याच कारणासाठी: पुरुषांना मोफत, बायकांना पैसे.

यावर मी लिहिलेल्या कवितेत व्यवस्था होती, धिक्कार होता, युगानुयुगांचं शोषण होतं, शेवटी पेटून उठणं होतं. एका कविसंमेलनात ती वाचली. टाळ्या पडल्या. प्रमुख पाहुण्यांमध्ये एक साहेब होते, ज्यांचा त्या स्टँडच्या कारभाराशी थेट संबंध होता. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. चहाच्या वेळी जवळ येऊन म्हणाले, “ताई, तोफ डागलीत! व्यवस्था सडलीच आहे हो.” आणि समाधानाने दुसरं बिस्कीट उचललं.

त्या बिस्किटाने मला विचारात पाडलं. ज्याच्यावर तोफ डागली तोच दाद देत होता, कारण कवितेत तो कुठेच नव्हता. व्यवस्था हा शब्द इतका रुंद आहे की त्याच्या आडोशाला सगळा तालुका उभा राहू शकतो. तिथे धिक्कार करायला कुणाचं काही जात नाही.

मग मी स्टँडवर जाऊन नीट बघितलं, आणि टेबलावरच्या माणसाशी बोलले. त्याचं म्हणणं साधं होतं. पुरुषांच्या मुताऱ्या उघड्या, वेगळ्या. बायकांना वेगळी मुतारीच नाही, शौचालयाचंच दार आहे. “आत जाऊन काय करतात ते मला काय कळणार? दार उघडलं की पाच रुपये.” संध्याकाळी त्याला ठेकेदारापुढे गल्ला मोजून द्यायचा असतो. माझ्या पहिल्या कवितेत हा माणूस राक्षस होता. प्रत्यक्षात अन्याय त्याच्या स्वभावात नव्हता, बांधकामाच्या नकाशात होता. आणि तो नकाशा कुणीतरी मंजूर केलेला होता.

आता कविता कुणासाठी, हा प्रश्न आला. बायकांना हे सांगण्याची गरज नाही. त्या प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणी कमी पितात. पटवायचं होतं ते ज्याला हे पैसे कधी दिसलेच नाहीत त्याला. म्हणजे बाहेर पिशव्या सांभाळत उभ्या असलेल्या नवऱ्याला. एकदा ऐकणारा ठरला की बोलणारी आपोआप ठरते. मुक्तछंद सोडून मी अष्टाक्षरीत गेले, कारण आठ अक्षरांत भाषणाला जागा उरत नाही. धिक्कार, शोषण असले शब्द बसवायला गेलं की चरण त्यांनीच भरतो आणि सांगायचं राहून जातं.

पिशवी तू धर जरा
पाच रुपये दे सुटे
तुझ्याकडे कुणी कधी
मागितले होते कुठे

यात एकही आरोप नाही. बायको नवऱ्याकडे सुटे मागते आणि मागता मागता एक साधी गोष्ट विचारते. उत्तर प्रत्येक पुरुषाला ठाऊक असतं, फक्त त्याने ते कधी काढून पाहिलेलं नसतं. ते त्याचं त्याने काढलं की नाकारणं अवघड जातं. मी सांगितलं असतं तर त्याने माझ्याशी वाद घातला असता.

या कडव्यानंतर मी एक ओळ लिहिली होती: ‘हाच का तुमचा न्याय’. मोजून आठ अक्षरं, म्हणायला खणखणीत. ती काढताना जीवावर आलं. पण ती ओळ आली की ‘तू’चं ‘तुमचा’ होतं, नवरा बाजूला होतो आणि पुन्हा तीच ती व्यवस्था व्यासपीठावर येऊन बसते. ऐकणारा सुटतो.

दुसरी खबरदारी आकड्याची. एका खर्ड्यात पाचाच्या जागी मी दहा केले होते. ‘दहा रुपये दे सुटे’ हेही आठच अक्षरांत बसतं, आणि ऐकायला जास्त लागतं. पण ठेकेदाराचा माणूस एवढंच म्हणाला असता, “आम्ही दहा घेतच नाही,” आणि सगळी कविता तिथेच खोटी पडली असती. निषेधाच्या कवितेत अतिशयोक्ती हा समोरच्याला दिलेला पळवाटेचा दरवाजा असतो. पाच म्हणजे पाच. पाटीवरचा शब्दही जसा आहे तसाच.

ओरडणं सोडलं की एक वेगळा धोका समोर येतो, रडगाण्याचा. बाई ताटकळली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, असं लिहिलं की श्रोते ‘अरेरे’ म्हणतात. दया आली की मामला तिथेच मिटतो, कारण दया करणाऱ्याला आपण चांगले आहोत असं वाटतं. म्हणून माझी बाई केविलवाणी नाही. ती घाईत आहे, गाडी लागलीय, थोडी वैतागलेली आहे. कविता जमली की नाही हे ओळखायची माझी खूण आता टाळी नाही. वाचून झाल्यावर ‘छान लिहिलंय’ म्हणाले तर गेली. “अहो, आमच्याकडच्या स्टँडवर तर दारच लागत नाही,” असं कुणी सुरू केलं तर लागू पडली.

हे मत मी सगळीकडे लावत नाही. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ 1972 साली आला, आणि त्याच्यापुढे माझी सगळी ओरड कुजबुजच वाटेल. पण तो आवाज हवेत सोडलेला नाही. त्यात मुंबईची ती वस्ती तिच्या स्वतःच्या बोलीसकट उभी आहे. तो मोठ्याने बोलतो आणि नेमकंही बोलतो. माझ्याकडे फक्त पहिली गोष्ट होती. शिवाय मोर्चात, जिथे सगळे आपलेच असतात, तिथे पटवायचं कुणाला? तिथे घोषणाच हवी. तिथे ही अष्टाक्षरी वाचली तर मागच्या रांगेपर्यंत पोचणारही नाही.

साहेबांना नवी कविता ऐकवली, त्याच चहाच्या टेबलाशी नव्हे, त्यांच्या घरी, पत्नीसमोर. ते काही बोलले नाहीत. बोलल्या त्या बाई: “यांना मी हे किती वेळा सांगितलं असेल!” मग दोघांत जरा जुंपली. वेगळ्या मुतारीचा प्रस्ताव गेलाय असं मला नंतर कळलं, बांधकाम अजून झालेलं नाही. टेबलावरच्या माणसासाठी एक कडवं लिहायचं राहिलंय. त्याला कवितेत घेतलं की ऐकणारे सगळा राग त्याच्यावरच काढतील, आणि गाळला तर अर्धं खरं गळेल. त्याच्या गल्ल्याचा हिशेब आठ अक्षरांत अजून बसत नाही.