अम्मींचा फोन रिकामा करताना

ईदीला अम्मींना नवा फोन मिळाला, तेव्हा जुना अँड्रॉइड फोन माझ्या भाच्याला द्यायचे ठरले. तो म्हणाला, "खाला, आत्ता रिसेट मारतो, पाच मिनिटांचं काम!" मी फोन त्याच्या हातून काढून घेतला. त्या फोनच्या व्हॉट्सअॅपमध्ये मरहूम अब्बांचा आवाज होता. "मेथी ताजी नाही, पालक आणू का?" असले बाजारातून पाठवलेले छोटे छोटे निरोप. अम्मी ते अजूनही ऐकतात.

"बॅकअप चालू आहे की," भाचा म्हणाला. चालू होता, पण कशाचा? गूगल फोटोज आपणहून फक्त कॅमेऱ्याने काढलेले फोटो वर चढवते. व्हॉट्सअॅपवर आलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि त्या फोल्डरचा बॅकअप मुद्दाम चालू करावा लागतो. धाकटीच्या निकाहाचे बहुतेक फोटो नातेवाइकांनी पाठवलेले, म्हणजे नेमके तिथलेच. तो चालू केला आणि रात्रभर फोन वायफायवर ठेवला. सकाळी माझ्या लॅपटॉपवर अम्मींचे खाते उघडून निकाहाचे फोटो डोळ्यांनी पाहिले.

गप्पा आणि आवाज यांचा बॅकअप व्हॉट्सअॅप स्वतः घेते. सेटिंग्जमध्ये Chats आणि त्यात Chat backup उघडले की शेवटचा बॅकअप कधीचा व केवढा ते दिसते. अम्मींचा पाच महिन्यांपूर्वी थांबला होता, कारण गूगलची मोफत 15 जीबी जागा भरली होती. जुने व्हिडिओ काढून जागा केली आणि बॅकअप ताजा केला. तो परत मिळायला तोच मोबाइल नंबर आणि तेच गूगल खाते लागते. बॅकअपला वेगळा पासवर्ड लावलेला असेल आणि तो विसरला, तर कंपनीलाही तो उघडता येत नाही.

तरी अब्बांच्या आवाजासाठी मला एवढ्यावर विसंबायचे नव्हते. फोन केबलने लॅपटॉपला जोडला आणि Android, media, com.whatsapp, WhatsApp, Media असे आत आत जाऊन WhatsApp Voice Notes हे फोल्डर सबंध उतरवून घेतले. फाइलींच्या नावातच तारीख असते, `PTT-20210412-WA0003.opus` अशी. दोन-चार वाजवून पाहिल्या. पालकवाला निरोप निघाला तेव्हा अम्मी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

मग नव्या फोनवर व्हॉट्सअॅप सुरू करून सगळे उतरले की नाही ते पाहिले. जुना फोन तोवर तसाच ठेवला होता.

भाच्याची दुसरी घाई अशी, की रिसेटआधी अम्मींचे फोटो हाताने डिलीट करावेत. मी नको म्हटले. गूगल फोटोजमधून डिलीट केलेला फोटो बॅकअपमधूनही जातो. साठ दिवस तो ट्रॅशमध्ये राहतो, नंतर कायमचा नाहीसा होतो. शिवाय त्याची गरजही नसते. अलीकडच्या फोनांमधला मजकूर कुलूपबंद रूपात साठवलेला असतो. रिसेट केला की त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते आणि मागे उरलेले कोणाला वाचता येत नाही.

खरी अडचण गूगल खात्याची होती. अम्मींचे खाते फोन घेताना दुकानातल्या मुलाने उघडून दिले होते आणि पासवर्ड कोणालाच ठाऊक नव्हता. आपल्याकडे कितीतरी घरांत हे असेच असते. खाते न काढता बटणे दाबून फोन रिसेट केला, तर तो पुन्हा सुरू होताना आधीच्या खात्याचा पासवर्ड किंवा जुना स्क्रीन लॉक मागतो. चोराला अडवण्यासाठी केलेली ही सोय भाच्यालाच पुण्याच्या खोलीत अडवून बसली असती. फोन चालू होता आणि नंबर अम्मींजवळ होता तोवरच पासवर्ड बदलून वहीत लिहिला. पासवर्ड बदलल्यावर एक दिवस थांबून मग रिसेट करणे बरे, म्हणून थांबलो. बँकेची आणि यूपीआयची अॅप्स नव्या फोनवर सुरू झाल्यावर जुन्यातून काढली. शेवटी सेटिंग्जमधून गूगल खाते काढले आणि तिथूनच Erase all data दाबले. भाषा निवडायचा पडदा आला, पुढे जुने खाते विचारले गेले नाही, तेव्हा फोन मोकळा झाला हे समजले.

फोन नुसता दुरुस्तीला द्यायचा असेल आणि पडदा चालत असेल, तर एवढे करावे लागत नाही. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत Maintenance mode असतो. बॅकअप घेऊन तो चालू करून दिला की कारागिराला आपले फोटो आणि निरोप दिसत नाहीत, आणि लॉकही सांगावा लागत नाही.

भाचा निघताना मी सिमचा ट्रे पुन्हा उघडून पाहिला. आत मेमरी कार्ड तसेच होते. रिसेटने फोन रिकामा होतो, कार्ड आपोआप होत नाही, आणि त्यावर अम्मींचे हजचे फोटो होते. ते आता त्यांच्या पानदानात आहे.