घड्याळ वाजलं तर आधी नाडी धरा

पुणे

बाबा,

दादाचं जुनं अॅपल वॉच तुमच्या मनगटावर आल्यापासून आपल्या फोनवर तोच विषय असतो. ठोके वाढल्याची आणि कमी झाल्याची सूचना किती आकड्यावर लावायची, आणि ती वाजली तर करायचं काय? फोनवर अर्धं तुम्हाला ऐकू येतं, अर्धं आई मधे सांगते. म्हणून सगळं एकदा नीट लिहून पाठवते. दिवसभर लोकांचे ईसीजी काढणं हेच माझं काम आहे, त्यामुळे घड्याळाचा आकडा घेऊन घाबरत आलेली माणसं मी रोज बघते. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, आणि जेव्हा खरंच धावायला हवं तेव्हा तुम्ही घरी बसून राहू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

पहिली गोष्ट, ही सूचना नेमकी कधी येते ते समजून घ्या. वावरात चालताना किंवा पाण्याचा हंडा उचलताना ठोके 120 झाले तरी ती येत नाही, आणि यायलाही नको, कारण कष्टात ठोके वाढतातच. साधारण दहा मिनिटं तुम्ही हालचाल न करता बसलेले दिसलात आणि तरीही ठोके ठरवलेल्या आकड्याच्या वर राहिले, तरच घड्याळ वाजतं. खालच्या आकड्याचंही तसंच. म्हणून सूचना आली की "120 म्हणजे फार झाले का?" असं विचारू नका. "बसल्या जागी 120 का झाले?" असं विचारा.

आता आकडे लावू. आयफोनवर Watch अॅप उघडा, My Watch मध्ये Heart वर जा. तिथे High Heart Rate आणि Low Heart Rate अशा दोन ओळी दिसतील. वरचा आकडा 100 पासून 150 पर्यंत दहादहाच्या टप्प्याने लावता येतो, खालच्यासाठी 40, 45 आणि 50 एवढेच पर्याय आहेत. शेजारच्यांनी किती ठेवला आहे ते विचारू नका. आकडा ठरवायचा तो आपल्या स्वतःच्या नाडीवरून.

त्यासाठीच मी तुम्हाला आठवडाभर काहीही न लावता नुसतं घड्याळ घालायला सांगितलं होतं. दादानं त्या नोंदी मला पाठवल्या. ओट्यावर बसून असता तेव्हा तुमचे ठोके 62 ते 70 असतात, जेवणानंतर 80 पर्यंत जातात. रात्री गाढ झोपेत ते 48 पर्यंत उतरतात. तुम्ही बीपीसाठी मेटोप्रोलॉल घेता आणि त्या गोळीचं एक कामच ठोके आवरून धरणं हे आहे, म्हणून या आकड्यांत काही वावगं नाही. पण याच गोळीमुळे बसल्या जागी तुमचे ठोके 110 झाले, तर ते दुसऱ्या कुणाच्या 110 पेक्षा जास्त लक्ष देण्यासारखे आहेत. म्हणून तुमचा वरचा आकडा 110 ठेवू. खालचा 50 ठेवला तर घड्याळ रोज पहाटे तुम्हाला उठवेल आणि चार दिवसांत तुम्ही ते काढून कपाटात ठेवाल, म्हणून तो 40 ठेवा. डॉक्टरांनी गोळी बदलली किंवा तिचं प्रमाण बदललं, तर पुन्हा आठवडाभराच्या नोंदी बघून आकडेही नव्याने ठरवायचे.

एक सवय मात्र मोडा. लाईट जाते म्हणून तुम्ही चार्जिंग वाचवायला घड्याळ Low Power Mode वर टाकता. त्या मोडमध्ये घड्याळ आपणहून ठोके मोजत बसत नाही आणि या सूचनाही बंद होतात. घड्याळ हातात असतं, पण पहारा नसतो. त्यापेक्षा संध्याकाळी आंघोळीच्या वेळी ते रोज चार्जिंगला लावत जा. पट्टा मनगटाच्या हाडाच्या थोडा वर, कातडीला टेकेल इतका घट्ट असू द्या. घड्याळाच्या आतला प्रकाश रक्ताची ये-जा बघून ठोके मोजतो. पट्टा ढिला असला की तो चुकतो. ट्रॅक्टरवर बसलेले असताना हात सारखा हादरतो, त्या वेळच्या आकड्यावर जाऊ नका.

आता सूचना वाजली असं धरा. जिथे असाल तिथे खाली बसा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी धरा आणि भिंतीवरच्या घड्याळात पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण नाडी अडखळत चालत असेल तर तेवढ्यात ते कळत नाही. मोजताना दोनच गोष्टी बघायच्या, किती ठोके आणि एका लयीत आहेत की नाहीत.

पण त्याआधी अंगाला विचारा. छातीत दाब किंवा जळजळ, धाप, गार घाम, डोळ्यांपुढे अंधारी, बोलताना जीभ जड होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, यातलं एक जरी असेल तर नाडी मोजत बसू नका. 108 ला फोन लावा आणि आईला किंवा शेजारच्या काकांना हाक मारा. स्वतः मोटारसायकल काढायची नाही. रस्त्यात भोवळ आली तर जिवावर बेतेल.

यातलं काही नसेल तर काय करायचं, ते वैशाखात तुम्हाला दिसलेल्या आकड्यावरूनच सांगते. तुम्ही घाटावरून खाली शेगावला दर्शनाला गेला होतात. उन्हात रांग, मग खामगावहून गर्दीची एसटी, दिवसभरात पाणी जेमतेम. रात्री आठला खाटेवर बसलात आणि घड्याळानं 114 दाखवले. तुम्ही मला फोन केलात. मी मोजायला लावलं तर 112 भरले, एका लयीत. छातीत काही नाही, धाप नाही, ताप नाही. पण तोंड कोरडं आणि दुपारपासून लघवी एकदाच, तीही गर्द पिवळी. अंगातलं पाणी कमी झालं की रक्ताचं प्रमाण घटतं आणि तेवढंच काम करायला हृदय जास्त वेळा ठोके देतं. तुम्हाला कुणी पाणी मोजून प्यायला सांगितलेलं नाही, म्हणून ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात कालवून थोडं थोडं प्यायला सांगितलं. अर्ध्या तासाने ठोके 98 झाले, झोपताना 82. कारण सापडलं आणि ते दूर केल्यावर आकडा खाली आला, म्हणून त्या रात्री दवाखान्याची गरज पडली नाही.

तापातही असंच होतं. अंगाचं तापमान एक अंश सेल्सिअसने वाढलं की ठोके साधारण दहाने वाढतात. गोळी चुकली असेल तरी वाढतात. पण कारणच सापडत नसेल, किंवा पाणी पिऊन, शांत बसूनही तासाभरात आकडा उतरत नसेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन ईसीजी काढायचा. ठोके वाढलेले असतानाच ईसीजी निघाला तर डॉक्टरांना खूप काही कळतं, घरी आराम करून दुसऱ्या दिवशी गेलात तर कागद अगदी चांगला येतो आणि दुखणं लपून राहतं. नाडी वेडीवाकडी, काहीच लय नसलेली लागली तर आकडा कितीही असो, त्याच दिवशी जा. बसल्या जागी 150 च्या वर असेल तर बरं वाटत असलं तरी थांबू नका.

खालची सूचना जास्त फसवते. झोपेत एखाद वेळी 39 दिसले आणि उठून बसल्यावर 55 झाले, भोवळ नाही, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगितलं तरी चालेल. जागेपणी 40 च्या खाली आणि सोबत चक्कर, ग्लानी किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ताबडतोब दवाखाना. मेटोप्रोलॉलची पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करून विचारा, पण ती मनाने कायमची बंद करू नका. ती एकदम सोडली तर ठोके आणि बीपी उसळी मारतात.

माझ्याकडे एक निवृत्त गुरुजी घड्याळातले 38 दाखवत आले होते. मी मनगट धरलं तर मलाही 38 च लागले. ईसीजीत मात्र ठोके 76 होते. त्यांचा प्रत्येक दुसरा ठोका वेळेआधी पडत होता, आणि असा घाईचा ठोका इतकं कमी रक्त पुढे ढकलतो की मनगटापर्यंत त्याची लाट पोहोचतच नाही. घड्याळ आणि बोटं दोन्ही अर्धेच मोजत होती. अशा वेळी पोटॅशियम तपासतात, इको करतात आणि उपचार वेगळाच ठरतो. म्हणून आकडा तुमच्या नेहमीच्या ठोक्यांच्या जवळपास निम्मा दिसला तर हृदय मंदावलं असं घरीच ठरवू नका, ईसीजी काढा.

कपाशीवर फवारणी करताना किंवा नंतर ठोके कमी झाल्याची सूचना आली तर ती वेगळी धरा. काही कीटकनाशकं अंगात गेली की नाडी मंदावते, सोबत लाळ, डोळ्यांतून पाणी, घाम आणि बारीक झालेल्या बाहुल्या दिसतात. कधी नाडी उलट वाढतेही, म्हणून आकड्यापेक्षा ही लक्षणं बघा. 2017 मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते तुम्ही पेपरात वाचलं होतंत. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, औषधाची बाटली सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा.

शेवटचं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. हे घड्याळ हार्ट अटॅक ओळखू शकत नाही. हृदयाची रक्तवाहिनी बंद पडत असतानाही ठोके 70-80 राहू शकतात, तेव्हा घड्याळ गप्प बसेल. तुमच्या घड्याळात ईसीजीची सोय नाही, आणि ज्यांच्यात आहे त्यांनाही हे काम जमत नाही. म्हणून छातीत दाबल्यासारखं होऊन ते पाठीत, जबड्यात किंवा डाव्या हातात गेलं, घाम फुटला, तर मनगटाकडे बघूच नका. आईला हे पुन्हा वाचून दाखवा, कारण तिच्या वयात छातीत न दुखता नुसती धाप, मळमळ आणि थकवा एवढ्यावरच अटॅक येऊ शकतो. गॅस झाला म्हणून सोडा पिऊन रात्र काढायची नाही. 108 लावायचा, आणि नंतर मला. कितीही वाजले असले तरी.

तुमची लेक