‘किती घेणार?’ आणि ‘कधी देणार?’

आमच्या बेळगावच्या कोणत्याही जुन्या गल्लीतून सकाळी दहाच्या सुमारास फेरफटका मारावा. दर पाच-सहा घरांआड शिलाईयंत्राचा आवाज कानी येतो आणि ‘येथे ब्लाऊज शिवून मिळतील’ ही पाटी दिसते. शिलाई शिकलेल्या मनुष्यास यंत्राखेरीज फारसे भांडवल लागत नाही, म्हणून या धंद्यात शिरणे सोपे. आणि शिरणे सोपे, म्हणूनच टिकणे कठीण. नवा येणारा पहिल्या दिवशी एकच शस्त्र उचलतो. शेजारी तीनशे घेत असेल तर हा दोनशे चाळीस सांगतो. आठवड्याभरात शेजारीही दोनशे चाळीसवर येतो, आणि मग दोघेही जुन्याच गिऱ्हाइकांना कमी पैशांत कपडे शिवून देऊ लागतात.

वकिलीमुळे दुकानांचे भाडेकरार माझ्या हातून वरचेवर लिहिले जातात, आणि करार लिहिताना धंद्याचा हिशेबही कानांवर पडतो. काही वर्षांपूर्वी निपाणीकडून आलेली एक शिंपीण अशाच करारासाठी मजकडे आली. तिचे वय पस्तिशीचे, पदरी दोन यंत्रे. तिने मांडलेला हिशेब सोप्या आकड्यांत वाचकांपुढे ठेवतो.

अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई तीनशे रुपये. अस्तर, हूक, दोरा मिळून ऐंशी गेले, म्हणजे हाती दोनशे वीस उरले. एका ब्लाऊजला बेतण्यापासून हातशिलाईपर्यंत अडीच तास लागतात. महिन्यात ऐंशी नग झाले तर सतरा हजार सहाशे रुपये होतात. त्यांतून भाडे आणि वीज यांचे पाच हजार वजा जाता बारा हजार सहाशे राहतात. आता दर साठ रुपयांनी उतरवा. अस्तरवाला आपला भाव उतरवीत नाही, घरमालकही नाही. सारी कपात शिवणाऱ्याच्या मजुरीतून होते. दर पाचव्या हिश्शाने उतरला, पण हाती आले सात हजार आठशे. म्हणजे प्राप्ती जवळजवळ दोन पंचमांशांनी घटली. पूर्वीइतके मिळवायचे तर ऐंशीऐवजी एकशे दहा ब्लाऊज शिवले पाहिजेत, म्हणजे महिन्याला दोनशे तासांऐवजी पावणेतीनशे तास. दरयुद्धात प्रतिस्पर्धी जखमी होण्याआधी आपली स्वतःची कंबर मोडते, ती अशी.

हा हिशेब झाल्यावर मी तिला विचारले, “ताई, तुमच्याकडे आलेले गिऱ्हाईक पहिला प्रश्न कोणता विचारते?”

ती म्हणाली, “किती घेणार, हाच. दुसरा कोणता विचारणार, वकीलसाहेब?”

सगळी मेख या उत्तरात होती. ज्या कामात चूक झाली तरी फारसे बिघडत नाही आणि जे दहा ठिकाणी सारखेच होते, त्यात पहिला प्रश्न दराचा असतो. ज्या कामात चूक महाग पडते आणि ते जाणणारा हात सहजी सापडत नाही, तेथे पहिला प्रश्न ‘तुम्हाला हे जमते का?’ असा असतो आणि दुसरा ‘कधी देणार?’ असा. नवख्याने धंदा बदलण्याची गरज नसते. ज्या कोपऱ्यात हे दोन प्रश्न आधी विचारले जातात, तो कोपरा त्याने आपल्याच धंद्यात शोधावा.

तिला तो कोपरा सापडला माझ्याच व्यवसायात, स्त्री-वकिलांच्या काळ्या कोटात. भारतात स्त्रियांना वकिलीचे दार कायद्याने उघडले ते १९२३ साली. तोवर वकिलाचा वेष पुरुषाच्या अंगासाठीच ठरलेला होता. आज न्यायालयात स्त्री-वकील मोठ्या संख्येने आहेत, परंतु तयार मिळणारा कोट पुष्कळदा पुरुषाच्याच बेताचा, केवळ आकाराने लहान केलेला असतो. तो खांद्यावरून घसरतो, छातीवर ताणतो आणि साडीच्या निऱ्यांवर कमरेशी फुगतो. पुरुषांचे कोट शिवणारा शिंपी स्त्रियांची मापे घेण्यास अवघडतो. ब्लाऊज शिवणारी शिंपीण कोटाच्या कॅनव्हासला भिते. या दोघांच्या मधली जागा रिकामी होती.

रिकामी जागा दिसली म्हणून लगेच पाटी लावावी असे नाही. आधी गिऱ्हाइके मोजावीत. समजा, एखाद्या गावी चारशे स्त्री-वकील आहेत. प्रत्येकीपाशी दोन कोट असतात आणि कोट सुमारे तीन वर्षे टिकतो, असे धरले तर वर्षाला साधारण दोनशे सदुसष्ट कोट लागतील. त्यांतील तिसरा हिस्सा आपल्याकडे आला, तर नव्वद. म्हणजे महिन्याला सात-आठ. कोटाची शिलाई अठराशे. अस्तर, कॅनव्हास, पॅड, बटणे यांचे पाचशे वजा करता तेराशे उरतात. हात बसल्यावर कोटाला दहा तास लागतात, म्हणजे तासाला एकशे तीस रुपये. ब्लाऊजमध्ये तासाला अठ्ठ्याऐंशी पडतात. महिन्याच्या दोनशे तासांपैकी पंचाहत्तर कोटांना दिले आणि उरलेल्या सव्वाशे तासांत पन्नास ब्लाऊज शिवले, तर खर्च वजा जाता पंधरा हजार सातशे पन्नास हाती येतात. श्रीमंती यात नाही. पण पूर्वीपेक्षा तीन हजारांवर अधिक मिळतात, तेही तितक्याच तासांत, आणि दोनशे चाळीसवाल्या ब्लाऊजला ‘नाही’ म्हणण्याची सोय होते. एवढ्या अरुंद कोपऱ्यावर सारा संसार मात्र टाकू नये, हेही हाच हिशेब सांगतो.

हात बसेपर्यंतचा काळ अवघड असतो. पहिले काही कोट तिला पंधरा-पंधरा तास खात होते, म्हणजे तासाची मजुरी ब्लाऊजइतकीच. हे दिवस ती शिक्षणाचे समजत असे. प्रत्येक नवा बेत ती आधी मांजरपाटावर शिवी आणि गिऱ्हाइकास घालायला देई. मग त्यांना नुसते उभे न करता खुर्चीवर बसवी, आणि बगलेत फाईल देऊन उजवा हात वर करायला लावी. कारण न्यायालयात वकील असाच वावरतो. हात वर करताना सारा कोट उचलला गेला, तर मुंढा फार खोल कापला आहे असे समजायचे. बसल्यावर पुढची बटणे ताणली, तर नितंबाशी साडीचा घेर धरलेला नाही. पाठीस ती अर्धेच अस्तर लावी, म्हणजे उन्हाळ्यात जीव गुदमरत नाही. काळे कापड घेताना ओल्या पांढऱ्या रुमालाने कोपरा चोळून पाही. रुमालावर रंग उतरला तर ते कापड घामाने सहा महिन्यांत तांबूस पडणार, हे ठरलेले. बँड लावलेली पांढरी गळपट्टी ती मागून हुकाने बसेल अशी करी. गळपट्टी लवकर पिवळी पडते, म्हणून तिच्यासाठी गिऱ्हाईक वर्षातून दोनदा तरी परत येते आणि येताना सोबत एखादी मैत्रीण आणते.

या कामाला नियमांची जाण लागते, आणि तेच त्याचे कुंपणही आहे. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे उच्च न्यायालयात व सर्वोच्च न्यायालयात गाऊन आवश्यक, इतरत्र ऐच्छिक. उन्हाळ्यात ही दोन न्यायालये सोडून अन्यत्र काळ्या कोटाची सक्ती नाही. त्यामुळे आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत कोटाचे काम मंदावते. पण तोच लग्नसराईचा काळ, आणि ब्लाऊज तेव्हाच येतात. सुदैवाने दोन्ही कामांचे हंगाम एकमेकांस पूरक ठरले. कोपरा निवडताना हेही पाहावे. धारवाडला उच्च न्यायालयाचे पीठ २००८ साली आले व २०१३ साली ते कायम झाले, तेव्हा या भागातील कित्येक वकिलांना गाऊनची प्रथमच नित्य गरज पडू लागली. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरास मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते पीठ सुरू झाले आहे. तेथील एखाद्या नवख्या शिंप्यापुढे आज तीच संधी आहे. नवा नियम किंवा नवे कार्यालय आले की अशा जागा उघडतात. नियम बदलला की त्या मिटूही शकतात.

दोन वर्षांनी तिच्या हाताखाली शिकलेली मुलगी वेगळे दुकान काढणार असे कळले, तेव्हा ती पुन्हा मजकडे आली. “पाच वर्षे हे काम करणार नाही, असा कागद तिच्याकडून लिहून घेऊ का?” असे तिने विचारले. मला ‘नको’ असेच सांगावे लागले. भारतीय करार अधिनियम, १८७२, याच्या कलम २७ अन्वये कोणासही कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता शून्य ठरतो. नावलौकिकासह चालता धंदा विकणाऱ्याच्या बाबतीत अपवाद आहे; नोकरी सोडून जाणाऱ्या शिकाऊ मुलीला तो लागू होत नाही. कोटाच्या बेतावरही मक्तेदारी सांगता येत नाही, कारण जो वेष नियमाने ठरला आहे त्यात नवीन ते काय?

“मग माझ्यापाशी राहिले काय?” तिने विचारले.

मी तिच्या पिशवीतून डोकावणाऱ्या मापवहीकडे बोट दाखविले. प्रत्येक गिऱ्हाइकाचा बेत ती तपकिरी कागदावर कापून, नाव घालून जपून ठेवीत असे. कोणाचा डावा खांदा उतरता आहे, कोणाला फोनसाठी आत खिसा हवा, कोणी साडीवर घालते व कोणी सलवारीवर, सारे त्या वहीत लिहिलेले होते. ज्या वकीलबाईंचा बेत तेथे आहे, त्यांना दुसरा कोट केवळ फोनवर सांगून मिळतो. दुसऱ्या दुकानी गेल्या तर मापे, मांजरपाट, फेऱ्या, सारे पहिल्यापासून. शंभर-दोनशे रुपये वाचविण्यासाठी एवढी यातायात सहसा कोणी करीत नाही. शिकाऊ मुलगी कसब घेऊन गेली, तरी ही वही तिच्याबरोबर गेली नाही.

मात्र त्या वहीची किंमत वेळेवर अवलंबून आहे. सनद घेण्याचा दिवस कोटासाठी थांबत नाही. एकदा त्या दिवशी कोट तयार नसला, तर ती तरुण वकील आणि तिच्या वर्गातील साऱ्याजणी परत येत नाहीत. कोपरा जितका अरुंद, तितकी त्यात बातमी लवकर पसरते. चांगलीही आणि वाईटही. म्हणून निकालानंतरच्या गर्दीत शाळेच्या गणवेशांचे मोठे, पण कमी दराचे काम चालून आले, तेव्हा तिने ते घेतले नाही. ते घेतले असते तर ती पुन्हा ‘किती घेणार?’ विचारणाऱ्यांच्या दारी उभी राहिली असती, आणि ‘कधी देणार?’ विचारणाऱ्यांना द्यायला तिच्यापाशी उत्तर उरले नसते.