ऐकीव अंतराचा हिशेब

नव्या इंजिनिअरांना राउटिंग शिकवताना मी त्यांना थेट ओएसपीएफकडे नेत नाही. आधी रिप चालवायला लावतो आणि तो नीट चालू लागला की मुद्दाम बिघडवायला लावतो. आज नवीन नेटवर्कमध्ये रिप सहसा कुणी लावत नाही, पण त्याचा हा एक बिघाड डोळ्यांनी पाहिला की राउटिंगमधल्या बऱ्याच नियमांचं कारण कळतं.

मांडणी साधी असते. ए, बी, सी असे एका ओळीत तीन राउटर आणि सीला जोडलेलं एक नेटवर्क. रिपचा राउटर दर 30 सेकंदांनी शेजाऱ्यांना एवढंच सांगतो, की अमुक नेटवर्क माझ्यापासून इतक्या अंतरावर आहे. सीचा आकडा 1, बीचा 2, एचा 3. यालाच डिस्टन्स व्हेक्टर म्हणतात.

आता सीची त्या नेटवर्ककडची केबल काढायची. सीला ते कळतं, पण त्याने ही बातमी देण्याआधीच बीची ठरलेली घोषणा येते: ते नेटवर्क माझ्यापासून 2 वर आहे. बीकडे दुसरी वाट असावी असं समजून सी 3 लिहून घेतो. बीची वाट सीमधूनच जाते, हे त्या घोषणेत कुठेच लिहिलेलं नसतं. मग सी 3 सांगतो, बी 4 करतो, सी 5, बी 6. हाच तो काउंट टू इन्फिनिटी. त्या काळात एकडून निघालेल्या पॅकेटचा माग काढला तर असं दिसतं:

```
1  10.1.1.2
2  10.1.2.3
3  10.1.2.2
4  10.1.2.3
5  10.1.2.2
```

तेच दोन पत्ते आलटून पालटून येऊ लागले की लूप झाला म्हणून समजावं. टीटीएल संपेपर्यंत पॅकेट बी आणि सीमध्ये येरझाऱ्या घालतं आणि मरतं.

ही मोजणी थांबावी म्हणून रिपने अनंताची किंमत 16 ठरवली. बीचा आकडा दर फेरीला 2 ने वाढतो, म्हणजे 2 वरून 16 वर जायला 7 फेऱ्या, साडेतीन मिनिटं. अनंत मोठं धरलं तर मोजणी लांबते आणि लहान धरलं तर नेटवर्कच लहान ठेवावं लागतं. रिपचं नेटवर्क 15 टप्प्यांपलीकडे वाढत नाही, ते यामुळे.

इथे मुलं स्प्लिट होरायझनचं नाव घेतात: ज्याच्याकडून वाट कळली, त्यालाच ती परत सांगायची नाही. प्रयोगासाठी मी तो बंद ठेवलेला असतो. चालू केला की हा लूप होत नाही. मग मी ए आणि सी यांच्यामध्ये आणखी एक केबल जोडून त्रिकोण करतो. आता ए आणि बी दोघंही 2 वर, दोघांची वाट थेट सीकडून. सीची नेटवर्ककडची केबल तुटल्यावर सीचा निरोप एला मिळतो, बीकडे जाणारा मात्र वाटेत हरवतो. रिप यूडीपीवर चालतो, पोचपावती नसते, त्यामुळे हे घडू शकतं. बी एला 2 सांगतो, ए 3 करतो. ए सीला सांगतो, सी 4 करतो. सी बीला सांगतो, बी 5 करतो. कुणीही नियम मोडलेला नाही, कारण प्रत्येकाने वाट एकाकडून ऐकली आणि दुसऱ्याला सांगितली. तरी आकडा गोल फिरत 16 कडे निघालेलाच असतो.

दोष मोजणीचा नाही. अंतर सांगितलं जातं, पण ते कुठून मोजलं हे सांगितलं जात नाही. आर्पानेटही आधी डिस्टन्स व्हेक्टरवरच चालत होतं. 1979 मध्ये ते लिंक स्टेटकडे वळलं. ओएसपीएफ याच घराण्यातला. यात राउटर फक्त स्वतःच्या जोडण्या सांगतो आणि ते निवेदन जसंच्या तसं सगळ्यांपर्यंत पोहोचतं. एकच नकाशा हाती आल्यावर जो तो डायक्स्ट्राच्या रीतीने आपली वाट काढतो. सीचं नेटवर्क गेलं हे सीच सांगणार; बीला त्याबद्दल बोलायचा अधिकारच नाही. नकाशे जुळेपर्यंत क्षणभर लूप होऊ शकतो, पण मोजणी चढत जात नाही. याची किंमत मेमरीत आणि गणितात मोजावी लागते.

मात्र ओएसपीएफ एरियांमध्ये विभागला की सीमेवरचा राउटर पलीकडचा नकाशा देत नाही, फक्त अंतर सांगतो. म्हणजे दोन एरियांमध्ये पुन्हा डिस्टन्स व्हेक्टरच! म्हणूनच एरियांमधली वाहतूक एरिया 0 मधूनच नेण्याची सक्ती आहे. ती मांडणी आकड्यांना गोल फिरू देत नाही. हा नियम जाचक वाटून आडवाटेने दोन एरिया जोडायचा मोह झाला, तर आधी तो त्रिकोण कागदावर काढून पाहा.